लाल अंडं, पांढरं अंडं आणि माझं डोकं

आज सकाळी डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलाचं वजन कमी भरलंय. डॉक्टरांनी रोज अंडं द्यायला सांगितलं. पण आमच्याच सोसायटीतल्या कुणीतरी त्यांना ठासून सांगितलं की पांढरी अंडी म्हणजे नुसतं इंजेक्शन, दे तर गावरानच दे. झालं! साठ रुपयांत बाई तीन अंडी घेऊन आल्या. एक वीस रुपयाला. त्याच दुकानात पांढरं सात रुपयाला आहे, म्हणजे तेवढ्याच पैशात आठ आली असती.

हिशेब करा. पांढऱ्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. गावरान अंडं आकारानं लहान, त्यात पाचेक ग्रॅम. आठ पांढऱ्यांतून अठ्ठेचाळीस आणि तीन गावरानांतून पंधरा. पोराच्या तोंडचा घास काढून घेतला हो त्या सल्ल्यानं!

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, मीही याच वाटेनं गेलेली बाई आहे. दोन वर्षांपूर्वी गावाहून येताना हायवेला एका टपरीवर ‘अस्सल गावरान’ म्हणून डझनभर अंडी घेतली. काय तो रंग, गडद तांबूस! घरी येऊन उकडायला टाकली आणि पातेल्यातलं पाणी चहासारखं झालं. चहासारखं काय, चहाच असावा. पांढरी अंडी रंगवून मला दिली होती आणि मी घासाघीस न करता पैसे मोजले होते. नवरा अजून चहा करताना ‘गावरान हवा का?’ म्हणून विचारतो.

तेव्हापासून मी या विषयात जरा खोदलं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, बास. व्हाइट लेगहॉर्न पांढरं देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी देते. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि तपकिरी रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतो. विश्वास नसेल तर तपकिरी अंडं फोडून कवच आतून बघा, पांढरटच दिसेल. खरा रंग साध्या पाण्यानं जात नाही, व्हिनेगर लावून चोळला तर मात्र निघतो. माझ्या हायवेच्या अंड्यांचा नुसत्या पाण्यातच निघाला होता, तिथंच कळायला हवं होतं.

मग तपकिरी महाग का? त्या कोंबड्या अंगानं थोराड असतात, जास्त खातात. खाद्याचा खर्च आपल्या खिशातून जातो, पोषण म्हणून आपल्या पोटात काही जादा येत नाही.

आणि गंमत ऐका. माझ्या आजीच्या डालग्याखालच्या कोंबड्यांची अंडी लालबुंद नव्हतीच. फिकट, बदामीसर, एखादं जवळजवळ पांढरं. शहरात ‘गावरान’ म्हणून जी एकसारखी गडद तपकिरी अंडी विकतात, ती पुष्कळदा पिंजऱ्यातल्याच तपकिरी जातीची असतात.

बरं, एक कबूल करते, नाइलाजानं. उकिरडा उकरणारी, किडे, हिरवा पाला खाणारी, उन्हात फिरणारी कोंबडी असेल तर तिच्या अंड्यात ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ जास्त असू शकतं. बलकही अंड्याच्या मानानं मोठा असतो. पण ते तिच्या खाण्याचं, उन्हाचं आणि जातीचं देणं, कवचाच्या रंगाचं नाही. केशरी बलकाचंही तेच: मका, हिरवा पाला किंवा झेंडूचा अर्क खाद्यात घातला की फार्मवरच्या कोंबडीचा बलकही केशरी होतो.

आणि ते इंजेक्शनचं सोडा हो आता. रोज हजारो कोंबड्यांना कोण टोचत बसणार? निवडून तयार केलेली जात, मोजून खाद्य आणि दिवसाला सोळा तास उजेड, यावर ती वर्षाला तीनशे अंडी देते. आजीची कोंबडी साठ-सत्तर द्यायची आणि मग खुडूक होऊन बसायची, जवळ गेलं की टोचायला यायची. पिंजऱ्यातल्या कोंबडीचे हाल होतात म्हणून कुणी तिचं अंडं खात नसेल, तर त्यापुढे माझं काही म्हणणं नाही. ते कारण खरं आहे. पण तेच सांगा ना मग, पोषणाचं नाव कशाला पुढे करता?

चवीचंही मान्य. आजीच्या अंड्याची पोळी चुलीवर फुगायची, तशी आता होत नाही. चुलीचा हात त्यात किती आणि कोंबडीचा किती, देव जाणे.

दुपारी ताई परत आल्या तेव्हा मी दोन अंडी उकडून, सोलून ताटलीत ठेवली होती, एक पांढरं आणि एक दुकानातलं तपकिरी. म्हटलं, ओळखा. त्यांनी दोन्ही उलटीपालटी केली, वास घेतला, कापून बलक बघितला आणि हसल्या. "ताई, मला काय कळतंय, दोन्ही सारखीच." मग जरा थांबून हळूच विचारलं, "त्या तीन अंड्यांचं काय करू? दुकानदार परत घेईल का?"

मी म्हटलं, परत कशाला, ती पोराला द्या. उद्यापासून पांढरी आणा. आणि नीट उकडून द्या बरं का, कच्चं दुधात घालून नको. तेही त्याच शेजारणीनं सांगितलं होतं.