कॅमेराच द्या, आवाज काय कुठूनही येतो

मित्र पॉडकास्ट सुरू करतोय? मग वर्गणी काढा आणि त्याला कॅमेराच द्या. चांगला साठ-सत्तर हजारांचा. खोका मोठा असतो आणि फोटोत शोभतो. कॉलर माइकची डबी खिशात मावते. ती देताना हात आखडल्यासारखा दिसतो.

ऐकणारे लोक फोन खिशात टाकून भांडी घासतात, ही क्षुल्लक गोष्ट मनावर घेऊ नका.

आम्ही हेच केलं. पहिला पाहुणा निवृत्त एसटी कंडक्टर. दहा बाय बाराची खोली, खाली फरशी, भिंती मोकळ्या, कॅमेरा सहा फुटांवर. चित्र असं, की मिशीतले पांढरे केस मोजून घ्या. काका मात्र विहिरीच्या तळातून बोलत होते. कारण साधं आहे. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. छातीवरचा माइक वीतभर अंतरावरून ऐकतो, कॅमेऱ्यातला सहा फुटांवरून. म्हणजे त्याला काकांपेक्षा भिंतीच जास्त बोलताना ऐकू येतात.

शिवाय कॅमेरा हुशार. काका आठवणीने गहिवरून थांबले, की शांतता पाहून तो आपणहून आवाज वाढवतो. त्या हृद्य क्षणी आमचा पंखा भरभरून बोलला. मग शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, कॅमेरा दचकला, आवाज दाबला आणि काकांचं पुढचं अर्धं वाक्य गिळलं. नंतर संपादनात घुमारा काढायला गेलो, तर काका पत्र्याच्या डब्यात जाऊन बसले.

कुणी शहाणा म्हणेल, पंखा बंद करा, मागे दोन गोधड्या टांगा, हजार-दीड हजाराचा वायरवाला कॉलर माइक घ्या आणि चित्रीकरण फोनवरच करा. अशाला पुढच्या वर्गणीतून वगळा.

आणि मित्राने माइकच मागितला, तर नेमका कॅमेऱ्यासाठीचा द्या. त्याच्या पिनेवर दोन काळी वळी असतात, फोनच्या पिनेवर तीन. दोनवाली पिन फोनमध्ये लावली, की फोन बहुधा तिला साधा हेडफोन समजतो आणि मुकाट्याने स्वतःच्याच माइकने रेकॉर्ड करतो. माइक कॉलरवर दिसतो ऐटदार, काम मात्र शून्य. (बऱ्याच नव्या फोनना ते गोल भोकच नसतं, तेव्हा त्यातही मजा.) रेकॉर्डिंग चालू करून माइकवर नखाने खरवडलं आणि ते ऐकून पाहिलं, तर ही चोरी दहा सेकंदांत पकडली जाते. तेवढं मित्राला सांगू नका.

आमचा कॅमेरा सध्या त्याच्या मेव्हण्याकडे आहे. बारशाचे फोटो फार सुंदर आलेत.