नऊ महिने मनगटावर बांधलेला फिटनेस बँड: काय खरं निघालं, काय नाही

गेल्या दिवाळीत फिटनेस बँड घेतला, आता श्रावण आलाय. मधल्या काळात थंडी, आंब्याचा हंगाम, मे महिन्याचा उकाडा आणि हा पाऊस, सगळ्यात तो माझ्या मनगटावर होता. गावातले चारपाच जण विचारून गेले, "कसा आहे? घेऊ का?" प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतल्या बऱ्याच बँडचं तंत्र सारखंच असतं, त्यामुळे जे लिहितोय ते एकाच कंपनीपुरतं नाही.

आधी मी का घेतला ते सांगतो. वय 54. मागच्या वर्षी धाप लागायला लागली म्हणून टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करतात ती हृदयाची तपासणी, केली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं आणि एक अट घातली: पहिले काही महिने ठोके 130 च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. आमचं घर गुहागरजवळ, खाली वाडीत. आंब्याची कलमं वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. मधे जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, 180 पायऱ्या. ती चढल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. म्हणजे मला बँडकडून खरं तर एकच गोष्ट हवी होती: पाखाडी चढताना ठोके किती होतात ते कळणं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत होतं, "24 तास अचूक हृदयगती, 98 टक्के अचूकता". त्यावर एक बारीक चांदणी होती. खोक्याच्या तळाला, चष्मा लावून वाचावं लागेल अशा अक्षरांत त्या चांदणीचा अर्थ: चाचणी कंपनीच्या प्रयोगशाळेत, विश्रांतीच्या स्थितीत. आणि त्याखाली, हे वैद्यकीय उपकरण नाही. मी हे वाचलं ते चार महिन्यांनी.

त्या चार महिन्यांत पाखाडी चढून वर पोचलो की बँड 104, 106 असे आकडे दाखवायचा. मला वाटायचं, चला, 130 पासून लांब आहोत. पण छाती मात्र वेगळंच सांगत होती. वर पोचल्यावर एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं.

मे महिन्यात भाचा आला. तो सायकलिंग करतो, त्याच्याकडे छातीला बांधायचा पट्टा आहे. हा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, ईसीजी काढतात त्याच तत्त्वावर. बँडचं तसं नाही. बँड मनगटावर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त आलं की परत येणारा प्रकाश थोडा कमी होतो. ही चढउतार मोजून बँड ठोके काढतो. म्हणजे तो हृदय मोजतच नाही, मनगटातल्या रक्ताची हालचाल मोजतो. आणि मनगटातलं रक्त हलायला हृदयाशिवायही कारणं असतात: हात हलला, मूठ आवळली, बँड घामाने सरकला.

भाचा म्हणाला, "मामा, दोन्ही एकदम बांधा आणि चढा. मी मोबाइलवर पट्टा बघतो, तुम्ही बँडचा आकडा ओरडा."

तीन सकाळी आम्ही हे केलं. पहिल्या दिवशीचे आकडे मी बागेच्या हिशोबाच्या वहीतच लिहून ठेवलेत. पायथ्याशी उभं असताना पट्टा 78, बँड 79. इथे काही तक्रार नाही. 60 पायऱ्यांवर पट्टा 112, बँड 88. पिंपळाच्या पारापाशी पट्टा 131, बँड 97. वर पोचलो तेव्हा पट्टा 144, बँड 104. चाळीस ठोक्यांचा फरक! डॉक्टरांची मर्यादा मी पिंपळापाशीच ओलांडली होती, आणि इतके महिने रोज ओलांडत होतो.

खरी गंमत पुढे कळली, आणि ही प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. वर उभा राहिल्यावर पट्ट्यावरचा आकडा उतरायला लागला, बँडचा मात्र चढायला लागला. अर्ध्या मिनिटाने पट्टा 126 आणि बँड 128. म्हणजे हात थांबला तेव्हा बँडला नाडी नीट दिसली, पण तोवर कळस होऊन गेला होता. संध्याकाळी अॅपमध्ये दिवसाचा सर्वाधिक ठोका कोणता? 128. तो 144 त्याच्या नोंदीत कधी आलाच नाही. नंतर अॅप उघडून "आपण 130 च्या आत आहोत" असं समाधान करून घेणारा माणूस संपूर्ण चुकीचा असू शकतो.

मग तो 98 टक्क्यांचा दावा खोटा का? हिशोब करून बघा. दिवसाची 1440 मिनिटं. त्यातली बहुतेक आपण झोपलेले, बसलेले, जेवत असतो, आणि तेव्हा बँड बरोबर असतो. समजा चढाची दहाच मिनिटं तो 40 ठोक्यांनी चुकला. सरासरी काढली तर दिवसभराची चूक पाव ठोक्याच्या आसपास भरते. सरासरीत ती दहा मिनिटं विरघळून जातात. पण मला बँड हवा होता तो त्याच दहा मिनिटांसाठी.

एवढं का चुकतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या डाव्या हातात बँड, आणि चढताना काठीही डाव्याच हातात. काठीवर भार दिला की मूठ आवळते, मनगट वाकतं, बँड कातडीपासून किंचित उचलला जातो. तिसऱ्या दिवशी काठी उजव्या हातात घेतली, बँड मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवला आणि एक भोक घट्ट केला. फरक 40 वरून 10 वर आला. वर पोचल्यावर पट्टा 141, बँड 131. दहाचा फरकही माझ्या कामाला जास्तच आहे, पण निदान धोक्याच्या रेषेपलीकडे गेलोय हे तरी दिसलं. बँड कुठे आणि कसा बांधायचा हे माहितीपत्रकात एका ओळीत होतं. खोक्यावरच्या चित्रात मात्र तो मनगटाच्या हाडावर, सैल, छान दिसेल असा बांधलेला आहे.

सपाटीवर चूक उलट्या बाजूने होते. सुरूच्या बनाकडून समुद्राकाठी ओल्या, घट्ट वाळूवर झपाझप चाललो की बँड 117 दाखवायचा आणि पट्टा 101. भाच्याने अॅपमध्ये पावलांचा वेग बघितला: मिनिटाला 116 पावलं. म्हणजे बँड ठोके सोडून माझी पावलं मोजत होता! हात ज्या तालात हलतो त्याच तालात मनगटातलं रक्तही हिंदकळतं, आणि तो ताल ठोक्यांच्या जवळपास असला की बँड फसतो. खात्री करायला मी वेग तोच ठेवून हात कमरेवर ठेवले. अर्ध्या मिनिटात आकडा 103 वर आला. तुमच्या बँडवर ठोके आणि मिनिटाची पावलं सारखी दिसली, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

चांगलं तेही सांगायला हवं. पहाटे उठण्याआधीचे विश्रांतीचे ठोके हा बँड फार नीट मोजतो. बोटाने पूर्ण मिनिट नाडी मोजून मी पंधराएक वेळा ताडून पाहिलं, एखाद-दोन ठोक्यांपलीकडे फरक आला नाही. माझा नेहमीचा आकडा 62. आषाढात ताप आला तेव्हा आदल्या पहाटेच तो 71 झाला होता, अंग दुखायला नंतर लागलं. एकेका आकड्यापेक्षा असा आठवड्यांचा कल बघायला बँड खरोखर उपयोगी आहे, आणि तेवढ्यासाठी मी तो काढणार नाही.

पावलांचं म्हणाल तर हात मोकळे असले की मोजणी चांगली. सपाट रस्त्यावर मी तोंडाने 500 मोजली, बँडने 496. पण पावसात छत्री त्याच हातात धरली की 431, कारण छत्रीचा हात हलत नाही आणि बँडला पाऊल कळतं ते हाताच्या हालचालीवरून. खांद्यावर आंब्याचा क्रेट घेऊन उतरतानाही तेच. उलट झेला घेऊन तासभर कलमाखाली उभं राहून आंबे काढले, तेव्हा सातशे पावलं फुकट जमा. कोकणात चार महिने छत्री हातात असते, तेव्हा पावसाळ्यात पावलं कमी दिसली म्हणून घाबरू नका. आणि 10,000 हा आकडाही काही वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो रूढ झाला.

कॅलरींकडे मी बघणं बंद केलंय. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात मनगटी उपकरणं 60 जणांवर तपासली होती. ठोक्यांत सातांपैकी सहा 5 टक्क्यांच्या आत चुकली, पण कॅलरींत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं. आणि ती चाचणी प्रयोगशाळेतली होती, तिथे ना काठी होती ना आमची पाखाडी. बॅटरी "14 दिवस" लिहिलेली, सतत ठोके मोजणं चालू ठेवलं की सहा दिवस. पाण्याने काही झालं नाही, पण खारं पाणी आणि घाम बँडखाली साचून मे महिन्यात मनगटावर पुरळ आलं. रोज गोड्या पाण्याने धुऊन कोरडा करून घालायला लागलो तेव्हा गेलं.

जूनमध्ये वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाखाडीचे आकडे दोनदा वाचले आणि सांगितलं, पिंपळाच्या पारावर तीन मिनिटं बसल्याशिवाय पुढे जायचं नाही. आता बसतो. भाच्याने पट्टा माझ्याकडेच ठेवलाय, चढताना तो बांधतो, एरवी बँड.

तुम्ही नवीन घेतला असेल आणि पट्टा नसेल, तर परत करायची मुदत आहे तोवर एवढं करा. नेहमीचा चढ चढा, वर पोचलात की लगेच, थांबल्या क्षणी, बँडवरचा आकडा वाचा आणि दोन बोटांनी नाडी धरून 15 सेकंद मोजा, मग चारने गुणा. उशीर करू नका, ठोके भराभर उतरतात. एक ठोका मोजायचा चुकला तर उत्तरात चारचा फरक पडतो, म्हणून पाचसहाचा फरक सोडून द्या. वीसतीसचा दिसला तर बँड वर सरकवून, घट्ट करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. तरी तेवढाच राहिला, तर तुमच्या चढावर तो बँड चालत नाही.