गुडघे जिन्याने झिजतात? चढणं आणि उतरणं वेगळं मोजा

फिरत असलेला मेसेज असा: "चाळिशी उलटली की जिना विसरा, दर पायरीला गुडघ्यावर तिप्पट वजन पडतं आणि गादी झिजते. तरुणांनी मात्र दोन-दोन पायऱ्या घेत झपाझप चढावं, दहा मजल्यांत दोनशे कॅलरी जळतात. उतरण्यात व्यायाम काहीच नाही, ते फुकटचं."

आधी तिप्पट वजनाबद्दल, कारण तो आकडा खोटा नाही. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यात मोजयंत्र बसवलेल्या पाच रुग्णांवर केलेली मोजणी २०१० साली प्रसिद्ध झाली. जिना चढताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी ३.१६ पट भार आला. पण त्याच रुग्णांच्या सपाट जमिनीवरच्या साध्या चालण्यात तो २.६१ पट होता आणि एका पायावर नुसतं उभं राहण्यातही जवळपास तेवढाच. म्हणजे तिपटीला घाबरून जिना सोडायचा, तर चालण्याचीही भीती बाळगावी लागेल. भार एवढा वाढतो याचं कारण मांडीचे स्नायू. गुडघा वाकलेला असताना शरीर पेलायचं तर त्यांना जोर लावावा लागतो आणि तो जोर सांध्यावरच दाबला जातो.

भारामुळे झीज होते, हे गणितही इतकं सरळ नाही. गुडघ्यातल्या गादीत, म्हणजे कूर्चेत, रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो, सुटतो आणि या आत-बाहेरच्या हालचालीतून सांध्यातल्या द्रवामार्फत तिला पोषण मिळतं. त्रास होतो तो सवय नसताना एकदम वाढवलेल्या भाराने. गुडघ्याचा संधिवात असलेल्यांनाही फिजिओथेरपिस्ट मांडीचे स्नायू बळकट करायला सांगतात, ते याचसाठी. प्रश्न चाळिशीचा नाहीच. गेल्या महिन्यात तुम्ही किती चढत होतात आणि आज एकदम किती चढायला निघालात, हा आहे.

आता उतरणं. मेसेज इथे सगळ्यात जास्त चुकतो. त्याच मोजणीत उतरताना सांध्यावरचा भार ३.४६ पट भरला, म्हणजे चढण्यापेक्षाही जास्त. दम मात्र लागत नाही, कारण चढण्याच्या साधारण एक तृतीयांश एवढीच ऊर्जा लागते. हृदयाला सोपं आणि गुडघ्याला जड, असा हा उलटा व्यवहार आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत शरीराला रोखून धरतो. सवय नसेल तर त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. म्हणून उतरणं फुकटचं नाही, पण निरुपयोगीही नाही. वयस्कर, लठ्ठ महिलांवरच्या एका अभ्यासात एका गटाने फक्त जिना उतरला आणि दुसऱ्याने फक्त चढला. बारा आठवड्यांनी पायांची ताकद उतरणाऱ्यांची जास्त वाढलेली दिसली. तो डोस मात्र हळूहळू वाढवत नेलेला होता.

इमारतीत राहणाऱ्याला इथे एक सोय आहे, जी डोंगरावर मिळत नाही: लिफ्ट. सुरुवातीचे काही आठवडे जिन्याने वर जा आणि लिफ्टने खाली या. व्यायाम मिळतो, गुडघ्यावरचा जड भाग टळतो. माझ्या मते जिन्याच्या व्यायामातली ही सर्वात उपयोगी युक्ती आहे आणि नेमकी तीच कोणी फॉरवर्ड करत नाही.

कॅलरींचा हिशेब थोडक्यात. वजन ७० किलो आणि मजला तीन मीटरचा धरला, तर दहा मजले म्हणजे ३० मीटर चढण. त्यात शरीर उचलण्याचं काम पाचएक कॅलरींचं. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामात आणतात, म्हणून खर्च साधारण २० ते ३० कॅलरी. दोनशेसाठी असे दहा मजले आठ-नऊ वेळा चढावे लागतील.

वेगाचा सल्ला मात्र निव्वळ धोक्याचा आहे. सेकंदाला एक पायरी ऐकायला संथ वाटते, पण नेहमीच्या उंचीच्या पायऱ्यांवर ती सावकाश धावण्याइतकी मेहनत होते. शिवाय पहिली दीड-दोन मिनिटं श्वास आणि नाडी मागे रेंगाळतात, त्यामुळे पहिले तीन मजले फसवे सोपे वाटतात आणि धाप पाचव्यावर एकदम गाठते. नवख्याने मिनिटाला ४५ ते ५० पायऱ्यांनी सुरुवात करावी. पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन-तीन शब्दांत वाक्य तुटत असेल तर पुढच्या लँडिंगवर थांबा.

दोन पायऱ्या एकदम घेतल्या की गुडघा काटकोनाच्या जवळ वाकतो आणि त्या अवस्थेत वाटीमागचा दाब खूप वाढतो. निरोगी गुडघ्याच्या तरुणाने बदल म्हणून हे करायला हरकत नाही. वाटीभोवती दुखत असेल तर एकेकच पायरी.

पाय कसा टाकायचा, यात खरी मेख आहे. फक्त चवड्यावर चढलात की पोटरी लवकर भरून येते आणि गुडघा पुढे ढकलला जातो. शक्य तितकं पाऊल पायरीवर टेका, कमरेतून किंचित पुढे झुका आणि टाचेने पायरी खाली दाबल्यासारखं करत वर या. मागच्या पायाने उसळी घेऊ नका. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत कलतो का, हे कोणाला तरी समोरून मोबाइलवर चित्रित करायला सांगितलं की लगेच दिसतं. लँडिंगवर रोवलेल्या पायावर गर्रकन वळू नका, दोन-तीन छोटी पावलं टाकत वळा.

एक उदाहरण घेऊ. पन्नाशीचा माणूस, उतरताना गुडघ्याच्या वाटीपुढे हलकं दुखतं, सूज नाही. एका मजल्याला १८ पायऱ्या. त्याने तळमजल्यापासून सहाव्यापर्यंत १०८ पायऱ्या सव्वादोन मिनिटांत चढाव्यात, लिफ्टने खाली यावं, दोन मिनिटं थांबावं. अशा तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. दोन आठवडे ठीक गेले तर चौथी फेरी. पाचव्या आठवड्यापासून शेवटच्या फेरीनंतर लिफ्टने पहिल्या मजल्यावर उतरून एकच मजला पायी खाली, कठड्यावर हात ठेवून, सावकाश. मग दर आठवड्याला एखादा मजला वाढवावा.

निकष दुसऱ्या दिवशी सकाळचा. चढताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पण सकाळी उठल्यावर गुडघा आदल्या सकाळपेक्षा जास्त आखडलेला किंवा दुखरा असेल तर एक फेरी कमी करायची. मांडीचा स्नायू दोन्ही बाजूंनी सारखा दुखत असेल तर ती सवय नसल्याची खूण, त्याची चिंता नको. दुखण्याच्या दिवसांत जिना टाळता येत नसेल तर चढताना बरा पाय आधी वर टाका, उतरताना दुखरा पाय आधी खाली. गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा अचानक साथ सोडत असेल, तर फेऱ्यांचा हिशेब बंद करून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं. छातीत दाब किंवा चक्कर आली तर तिथेच पायरीवर बसावं, हाक मारावी आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.