भांगाला बायपास

मे महिन्यात नणंदेच्या घरी लग्न होतं. भाच्याला फोटोग्राफीचा नाद, त्यात गच्ची मोकळी मिळाली. त्याने वरून मांडवातल्या बायकांच्या पंगतीचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आमच्या रांगेत एका डोक्यावर पांढरा पट्टा दिसत होता. मला वाटलं, अक्षता सांडल्या असतील. बोटांनी फोटो मोठा केला तर खाली माझीच पैठणी.

खुणा तशा आधीपासून होत्या. वेणीच्या रबरबँडला पूर्वी तीन वेढे पुरायचे, ते कधी पाच झाले कळलंच नाही. पण आरशात बाई स्वतःला समोरून बघते, आणि समोरून माझं सगळं ठीक होतं. कपाळाची कड जिथल्या तिथे होती. रस्ता रुंद होत होता तो वर, माझ्या नजरेआड. सोलापूर-पुणे रस्त्याच्या चौपदरीकरणाला निदान बोर्ड तरी लावले होते.

त्वचेच्या डॉक्टरांनी डोक्यावर भिंग धरलं आणि म्हणाल्या, "कपाळाची कड शाबूत आहे आणि भांग रुंदावतोय. बायकांमध्ये आनुवंशिक विरळपणा बहुतेकदा असाच सुरू होतो." थायरॉइड आणि शरीरातला लोहाचा साठा तपासून घेतला. टाळूला लावायचं औषध दिलं आणि बजावलं, फरक दिसायला चार-सहा महिने लागतील आणि बंद केलंत तर मिळालेलंही जाईल. आईला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या आत्याचं डोकं बघितलंयस का?" आनुवंशिक गोष्ट नेहमी सासरची असते. माझ्या आईच्या सासरची.

पण चार-सहा महिने डोकं घेऊन जायचं कुठे? म्हणून मी भांग बाजूला पाडायचं ठरवलं. न्हाऊन आले आणि ओल्या केसांत कंगव्याच्या टोकाने डाव्या कानाच्या जरा वर फुटपट्टीने आखल्यासारखी रेघ मारली. तिथले केस उचलून पलीकडे नेले, वर दोन पिना. आमच्या वर्गाला भूगोल शिकवणारे एक सर डाव्या कानावरचे सात केस उजव्या कानापर्यंत नेत. आरशात तेच उभे होते. नव्या पेठेत रिक्षातून उतरले तेव्हा मेमधली गरम झुळूक आली आणि सगळी झाकणी एका बाजूला उघडली. सरांचंही गॅदरिंगला असंच झालं होतं. आम्ही हसलो होतो. ते पाप फिटलं.

मग एका पार्लरात गेले. नाव घेत नाही. "लेयर्स करू, घनदाट दिसतील," असं म्हणून तिथल्या मुलीने दातेरी कात्री घेतली आणि अर्धा तास खच्च खच्च करत राहिली. त्या दिवशी केस खरंच फुगले. दुसऱ्या दिवशी न्हाल्यावर वर खांद्याशी संपणारे आखूड केस आणि खाली शेपटीला मोजून पंधरा झुलपं. सासूबाई म्हणाल्या, "खराटा झिजल्यावर असा होतो."

निस्तरलं ते पूर्व भागातल्या एका अक्काने. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक आरसा, एवढंच तिचं पार्लर. तिने आधी एक केस दोन बोटांत धरून चोळला. "काय वो अक्का, तुमचा केस रेशमाच्या धाग्यावानी हाय. बारीक केस वेगळा आणि कमी केस वेगळा. तुमचं दोन्ही हाय." आमचं सगळं गाव चादरींवर वाढलेलं, त्यामुळे पुढचं तिने सुतावरच समजावलं. जाड सुताचे मधले धागे काढले तर कापड मोकळं होतं. बारीक सुताचे काढले तर आरपार दिसतं. म्हणून बारीक केसाला दातेरी कात्री नको आणि वस्तराही नको.

तिने आधी खालची खराट्याची काडी न् काडी छाटून लांबी खांद्याच्या जरा खाली आणली आणि काठ सरळ ठेवला. काठ जाड दिसला की सगळे केस जाड वाटतात. लेयर्स केले, पण मोजके आणि मऊ. काठ आणि सगळ्यात वरचा लेयर यांत चार बोटांचंच अंतर. चेहऱ्यापुढच्या बटा हनुवटीच्या खालीच थांबवल्या. त्याहून वर कापलं की वरचे केस खालच्यांना सोडून जातात आणि काठ पुन्हा विरळ. मी विचारलं, मग लेयर्स हवेतच कशाला? "वजन उतरतंय की. लांब केस मुळाला खाली ओढतो. जरा हलका झाला की मूळ उभं राहतं."

मग भांग. केस मागे विंचरून तिने तळव्याने डोकं पुढे ढकललं. केस आपोआप उजवीकडे फुटले, म्हणजे त्यांची ओढ उजवी. ती म्हणाली, त्यांना जिथं पडायचंय तिथं पाडलं तर चपटेच बसणार, म्हणून आपण डावीकडे पाडायचा. फार लांब नाही, भुवईच्या कमानीवर, मधल्या भांगापासून दोन-अडीच बोटं. रेघ सरळ मागे न नेता तिरपी भोवऱ्याकडे न्यायची आणि त्याच्या अलीकडेच सोडून द्यायची. तीही कंगव्याने नाही, बोटाने, जराशी नागमोडी. सरळ रेघ टाळूला वाट काढून देते. नागमोडी रेघेत केस एकमेकांवर पडतात. वीस वर्षं एकाच जागी आडवे पडायची सवय लागलेली मुळं उलट्या दिशेला वळवली की हट्टाने उभी राहतात. सगळा उठाव त्या हट्टाचा.

वाळवायचंही उलट. न्हाऊन आधी टॉवेलने टिपायचे, बरेचसे वाळू द्यायचे. मग ड्रायर मध्यम गरम ठेवून केस भांगाच्या विरुद्ध बाजूला धरायचे आणि मुळांशी वारा द्यायचा. थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. मग उलटून जागेवर आणायचे. गरम असतानाच उलटले तर पाच मिनिटांत लोळण घेतात. मी पहिल्या दिवशी घाईत तेच केलं. शिवाय सवयीने टाळूला चमचाभर खोबरेल जिरवलं होतं. तेलाने केस चिकटून त्यांच्या दोऱ्या झाल्या आणि मधून टाळू पुन्हा हजर. ओल्या केसांचंही तेच होतं. आता तेल न्हाण्याच्या आदल्या रात्री आणि कंडिशनर फक्त टोकांना.

पहिले दोन आठवडे केस दुपारपर्यंत मधल्या जागी परत जायचे. उन्हाळ्यातला अकराचा घाम असला की त्याआधीच. मी बँकेच्या रांगेत उभी राहून बोटांनी भांग परत डावीकडे न्यायचे. तिसऱ्या आठवड्यात ते रुळले. केस काही वाढले नव्हते. जुन्या भांगावर शेजारच्या केसांची सावली पडली होती, एवढंच. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभी राहिले तर ती सावलीही गायब, म्हणून लिफ्टमध्ये मी दाराला खेटून उभी राहते.

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पलीकडच्या मावशींकडे गेले. त्या कपाळाला कुंकू लावतात आणि मग भांगातही चिमूटभर भरतात. कपाळाला लावून त्यांचं बोट सवयीने वर गेलं आणि मध्येच थांबलं. डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं. मागे बायकांची रांग खोळंबली.

"अगं," त्या म्हणाल्या, "भांग कुठाय तुझा?"

मी मान तिरकी करून त्यांना पत्ता सांगितला.