फ्रँचायझी फी एकरकमी आली म्हणून ती एका वर्षाचं उत्पन्न होत नाही

"फी नॉन-रिफंडेबल आहे, पैसे बँकेत आलेत, आउटलेट सुरू करून दिलं की आपलं काम संपलं. मग सगळी फी त्याच वर्षी उत्पन्नात घ्या ना, दहा वर्षं पसरवत बसणं म्हणजे अकाउंटंट लोकांचा उगाच खेळ."

हा मेसेज फिरतोय आणि लोक खाली अंगठे देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी नॉन-रिफंडेबलचं. पैसे परत द्यावे लागत नाहीत याचा अर्थ एवढाच की कॅश तुमची झाली. उत्पन्न कधी दाखवायचं हे त्यावर ठरत नाही, त्या पैशांच्या बदल्यात कबूल केलेलं तुम्ही कधी देता यावर ठरतं. आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकामध्ये, आणि त्याच धर्तीवरच्या भारतातल्या इंड एएस ११५ मध्येही, अशा आगाऊ फीबद्दल वेगळं मार्गदर्शन आहे: फी सुरुवातीला घेतली तरी तिच्या बदल्यात त्या क्षणी ग्राहकाला काही मिळालं नसेल तर ती पुढच्या सेवेचा अॅडव्हान्स आहे, आणि ती सेवा देईपर्यंत फी ताळेबंदात काँट्रॅक्ट लायबिलिटी, म्हणजे ग्राहकाचं देणं, म्हणून बसते.

आता "काम संपलं" हा मुद्दा, खरी गोम इथेच आहे. फ्रँचायझी घेणारा माणूस पैसे कशाचे मोजतो? जागा बघून दिली, लेआउट दिला, मॅन्युअल दिलं याचे नाही हो, ब्रँड दहा वर्षं वापरायला मिळणार याचे. आणि तो ब्रँड काही गोठलेला नसतो, तुम्ही जाहिरात करणार, नवीन प्रॉडक्ट आणणार, दर्जा सांभाळणार आणि त्याचा बरावाईट परिणाम थेट त्याच्या गल्ल्यावर होणार. म्हणून हे लायसन्स "वापरण्याचा हक्क" नसून "अॅक्सेसचा हक्क" धरलं जातं आणि त्याचं उत्पन्न मुदतभर थोडंथोडं येतं. ओपनिंगच्या आधीची बरीचशी धावपळ ही त्या लायसन्सचीच पूर्वतयारी असते, तिला वेगळी सेवा म्हणून किंमत लावता येत नाही.

आकड्यात बघा. फी १२ लाख, करार १ एप्रिलला सही झाला, आउटलेट १ ऑक्टोबरला उघडलं, मुदत उघडल्यापासून १० वर्षं म्हणजे १२० महिने. महिन्याला १० हजार. मार्चअखेर सहाच महिने झाले, उत्पन्न ६० हजार, उरलेले ११ लाख ४० हजार लायबिलिटीत. सही ते ओपनिंग या सहा महिन्यांत उत्पन्न शून्य, कारण ब्रँड वापरून धंदा करता येण्याआधी लायसन्सचा काळ सुरूच होत नाही. सहीच्या तारखेपासून घड्याळ चालू करणं ही चूक बऱ्याच जणांच्या शीटमध्ये सापडते.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धी बरोबर आहे, ती मान्य करतो. कधीकधी फीमध्ये खरंच वेगळं काहीतरी असतं, म्हणजे मशिनरी, किंवा ब्रँडशी संबंध नसलेलं साधं हिशेबाचं ट्रेनिंग जे तो बाहेरूनही घेऊ शकला असता. मग किंमत दोन्हीत वाटायची. समजा वाटणीत ट्रेनिंगला २ लाख ४० हजार आले, तर ते दिल्यावर उत्पन्नात, आणि उरलेले ९ लाख ६० हजार महिन्याला ८ हजारने. पण पूर्ण १२ लाख ट्रेनिंगच्या नावावर टाकता येत नाहीत, तेच ट्रेनिंग स्वतंत्र विकलं तर किती मिळेल हे दाखवावं लागतं. अमेरिकेत पूर्वी आउटलेट उघडलं की फी उत्पन्नात घेता यायची, तो मेसेज बहुधा त्याच काळातून आलाय. आता तिथे खाजगी फ्रँचायझरना २०२१ मध्ये सवलत दिलीय, ठरावीक प्री-ओपनिंग सेवा लायसन्सपासून वेगळ्या धरण्याची, पण तीही सरसकट फी एकदम उचलण्याची नव्हे.

आणि "उगाच खेळ" म्हणाल तर हे बघा. एका वर्षात दहा आउटलेट विकली की १ कोटी २० लाख उत्पन्न, पुढच्या वर्षी एकही नाही की शून्य, आणि मधल्या काळात ती दहाही आउटलेट सुरळीत चालू. नवी विक्री थांबली हे खरंच, पण धंदा बंद पडल्यासारखं दिसतं ते खोटं. हिशेब नीट आहे का ते बघायचं तर काँट्रॅक्ट लायबिलिटीची नोंद उघडा: सुरुवातीची शिल्लक अधिक नवीन फी वजा उत्पन्नात नेलेली रक्कम बरोबर शेवटची शिल्लक. भरपूर करार विकणाऱ्या कंपनीची ही शिल्लक नगण्य असेल तर विचारायचं, फी गेली कुठे.

रॉयल्टी यात मिसळू नका, विक्रीवर मिळणारी टक्केवारी विक्री होईल तशी येते, तिला पसरवायचं काही नाही.

राहता राहिलं, मध्येच करार मोडला तर? पहिल्या उदाहरणातलं आउटलेट चार वर्षांनी बंद झालं, ४ लाख ८० हजार उत्पन्नात घेऊन झालेत, ७ लाख २० हजार शिल्लक. परत द्यायचे नाहीत आणि पुढे काही द्यायचंही उरलं नाही, तर ती शिल्लक करार संपल्यावर एकदम उत्पन्नात येते. नॉन-रिफंडेबल या शब्दाचा हिशेबात उपयोग होतो तो इथे.