आत्याचे 6400 रुपये कुठे गेले?

गेल्या रविवारी सदाशिव पेठेत आत्याकडे गेलो होतो. चहा व्हायच्या आतच तिने प्लास्टिकची फाइल पुढे केली आणि म्हणाली, "अरे, मी एकही शेअर विकला नाही, मग किंमत कमी कशी झाली रे?" काकांच्या पश्चात तिच्या नावावर आलेले एका कंपनीचे 400 शेअर. तिने विकले खरंच काही नव्हते. पण तीन महिन्यांमागच्या स्टेटमेंटमध्ये एक जादा ओळ होती, त्याच कंपनीच्या नावाला शेवटी -RE, संख्या 100. पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमधून ती ओळ गायब.

कंपनीने राइट्स इश्यू काढला होता, म्हणजे जुन्या भागधारकांना बाजारभावापेक्षा स्वस्तात नवे शेअर देऊ केले होते, चार शेअरमागे एक नवा, 120 रुपयांना. बाजारभाव होता 200. आत्याच्या 400 शेअरवर 100 नव्या शेअरचा हक्क आला, स्टेटमेंटमधली ती -RE ची ओळ म्हणजे हाच हक्क. तिला वाटलं, नको ते नवे शेअर, आपले जुने आहेत तसे राहू देत. राइट्समध्ये नेमकं हेच महाग पडतं.

हिशोब बघा. चार जुने शेअर 200 चे म्हणजे 800, त्यात 120 चा एक नवा, झाले 920. भागिले पाच, आला 184. हक्क कोणाला मिळणार हे ज्या दिवशी ठरतं त्या रेकॉर्ड डेटच्या सुमारास भाव साधारण तिथे उतरतो, कारण स्वस्तातले नवे शेअर त्यात मिसळणार असतात. म्हणजे आत्याच्या 400 शेअरवर प्रत्येकी 16 रुपये गेले, एकूण 6400. ते भरून निघावेत म्हणूनच तो हक्क दिलेला असतो: 184 वजा 120, म्हणजे 64 रुपयांचा एक, आणि असे 100. पुन्हा 6400. तिने 12,000 रुपये भरून अर्ज केला असता तर 500 शेअर झाले असते, 92,000 चे. पैसे नसते तर हक्क बाजारात विकून 6400 च्या आसपास हातात आले असते. भाव रोज हलतो, त्यामुळे नेमका आकडा वेगळा निघतो, पण शून्य खात्रीने निघाला नसता. आत्याने दोन्ही केलं नाही आणि मुदत संपल्यावर हक्क रद्द झाला.

हे हक्क डीमॅटमध्ये जमा करून बाजारात विकता येण्याची सोय सेबीने 2020 च्या जानेवारीत केली. त्याच वर्षी मे महिन्यात रिलायन्सचा राइट्स आला, 15 शेअरमागे एक, 1257 रुपयांना. इश्यू 3 जूनपर्यंत उघडा होता, पण हक्कांची खरेदीविक्री 29 मे रोजीच थांबली. ही मधली फट लक्षात ठेवा. इश्यूच्या शेवटच्या दिवशी जाग आली तर अर्ज करता येतो, हक्क विकता येत नाही.

उलट बाजूचीही चूक मी पाहिली आहे. कोणीतरी -RE स्वस्तात दिसलं म्हणून विकत घेतं आणि शेअर मिळाला असं समजून निवांत बसतं. तो शेअर नव्हे. बँकेतून वेगळा अर्ज करून इश्यूचे पैसे भरले नाहीत तर दिलेली रक्कम बुडते. आणि बाजारभाव इश्यूच्या किमतीखाली गेला असेल तर अर्ज करूच नये, तोच शेअर बाजारात स्वस्त मिळतो.

विलीनीकरणात गप्प बसून चालतं. एचडीएफसी बँकेत एचडीएफसी लिमिटेड गेली तेव्हा 25 शेअरचे 42 आपोआप खात्यात आले, आणि करासाठी खरेदीची तारीख जुनीच राहिली. डीलिस्टिंगमध्ये, म्हणजे कंपनी शेअर परत घेऊन बाजारातून बाहेर पडते तेव्हा, शेअर द्यायचे राहून गेले तरी नंतर साधारण वर्षभर त्याच भावाने प्रवर्तकाला देता येतात. राइट्समध्ये अशी दुसरी संधी नाही, म्हणून मला त्याचा राग येतो. ब्रिटनमध्ये राइट्स इश्यूत न घेतलेले शेअर बाजारात विकून इश्यूच्या किमतीवरची रक्कम, खर्च वजा जाता, मूळ भागधारकाला पाठवतात. आपल्याकडेही हे व्हायला हवं. ज्यांना सूचना पोचत नाही, कळत नाही, ते बहुतेक आत्याच्याच वयाचे असतात.

तिच्या खात्याला भावाचा जुना ईमेल होता, तो आता वापरातच नाही. परवा तिचं डीमॅट खातं सांभाळणाऱ्या डीपीच्या ऑफिसात जाऊन तिचा मोबाइल आणि माझा ईमेल नोंदवला. फॉर्मवर सही करता करता तिने विचारलं, "मग माझे ते शंभर शेअर गेले कोणाला?"

ज्यांनी जादा शेअरसाठी अर्ज केला होता त्यांना, 120 रुपयांनाच. मी तिला तसंच सांगितलं.