वर कोण, खाली कोण

घरात एखाद्याने कधीकाळी गणित घेऊन डिग्री केली असेल तर त्याचं पुढचं आयुष्य दुसऱ्यांच्या पोरांची इंटिग्रेशनं सोडवण्यात जातं, हे मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. जेवण झालेलं असतं, माणूस जरा आडवा व्हायच्या बेतात असतो, आणि तेवढ्यात भाची वही घेऊन दारात उभी. "मामा, पुस्तकात उत्तर चुकीचं छापलंय."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मी उठूनही बसत नाही. पुस्तकात चुका असतात, नाही असं नाही, पण भाचीचं उत्तर न जुळणे आणि पुस्तक चुकणे यांचा संबंध ती समजते तेवढा जवळचा नाहीये.

गणित असं होतं: y = x³ आणि y = x² + 2x या दोन कर्व्हमध्ये अडकलेलं क्षेत्रफळ काढा. बाईसाहेबांचं उत्तर −9/4, पुस्तकाचं 37/12. एवढ्यात भांडी आवरता आवरता ताई आतून ओरडली, "अगं मायनस पुसून टाक ना, क्षेत्रफळ कुठे मायनस असतं, एवढं मलाही कळतं!" आणि भाचीने खरंच खोडरबर उचललं. ताईचं अर्धं बरोबर होतं आणि असं अर्धं बरोबर फार घातक, कारण मायनस पुसला की 9/4 हे इतकं सज्जन दिसणारं उत्तर उरतं की कुणाला शंकाच येत नाही. फक्त ते 27/12 आहे आणि हवंय 37/12.

म्हटलं वही दाखव. तिने आधी x³ = x² + 2x लिहिलं होतं, छान, मग दोन्ही बाजूंना x ने भागून x² = x + 2 केलं, x = −1 आणि x = 2 काढलं, आणि त्या दोन आकड्यांमध्ये सरळ एकच इंटिग्रल ठोकून दिलं. "अगं, x ने भागताना x शून्य असू शकतो याचा विचार केलास का?" "शून्य असला तर काय?" तर हे, की दोन्ही कर्व्ह शून्यातूनही जातात, तिथे एकमेकांना छेदतात, आणि तू भागाकार करून तो छेदबिंदू गिळून टाकलास. भागायचं नाही, सगळं एका बाजूला आणून अवयव पाडायचे: x(x − 2)(x + 1) = 0. तीन छेदबिंदू, −1, 0 आणि 2. मधला हरवला की पुढचं कितीही सुबक अक्षरात लिहा, उपयोग शून्य.

"पण मधला बिंदू धरून तरी काय फरक पडतो? −1 पासून 2 पर्यंतच जायचंय ना?"

हा प्रश्न चांगला होता त्यामुळे मला उठून बसावं लागलं. फरक पडतो कारण शून्याला दोघांची जागा बदलते. डावीकडे x = −1/2 घालून बघ: x³ येतो −1/8 आणि x² + 2x येतो −3/4, म्हणजे घनवाला वर. उजवीकडे x = 1 घाल: 1 आणि 3, घनवाला खाली. आता तू सगळीकडे "घनवाला वजा दुसरा" हेच धरून चाललीस, त्यामुळे डावा तुकडा आला +5/12 आणि उजवा आला −32/12, आणि इंटिग्रलने काय केलं तर जमाखर्चाच्या वहीसारखी दोघांची वजावट लावून खाली शिल्लक दाखवली, −27/12. आपल्याला शिल्लक नकोय, उलाढाल हवीय. म्हणून मायनस काढायचा तर बेरजेच्या आधी, प्रत्येक तुकड्याचा वेगळा: 5/12 + 32/12 = 37/12. शेवटी एकदाच पुसून चालत नाही. (हे मी मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तिकडून फक्त एक पातेलं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.)

खरं तर भाचीला देवाने दयाच दाखवली होती की उत्तर निदान मायनस आलं. "दुसरा वजा घनवाला" असं उलट लिहिलं असतं तर थेट +9/4 आलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. आणि y = x³ आणि y = x घेतलं असतं तर −1 ते 1 मध्ये दोन तुकडे अगदी सारखे, एक प्लस एक मायनस, उत्तर शून्य. डोळ्यांना दोन पाकळ्या ढळढळीत दिसतायत आणि इंटिग्रल म्हणतंय काही नाहीये इथे. शून्य आलं तर निदान माणूस थबकतो तरी.

मग मी तिला माझा लाडका चेक दाखवला, जो मी सहसा कुणाला दाखवत नाही कारण मग पोरं मूळ इंटिग्रेशनच करत नाहीत. एका तुकड्याची रुंदी घे, बरोबर मध्यावर दोन कर्व्हमधलं अंतर घे, गुण, आणि त्याचे दोन तृतीयांश कर. डावा तुकडा: रुंदी 1, मध्यावर अंतर 5/8, दोन तृतीयांश म्हणजे 5/12. उजवा: रुंदी 2, मध्यावर अंतर 2, गुणाकार 4, दोन तृतीयांश 8/3, म्हणजे 32/12. पोरीचे डोळे असे झाले की जणू मी टोपीतून ससा काढला. "अंदाजे ना?" अंदाजे नाही, तंतोतंत.

एवढं कौतुक झाल्यावर मी झोपायला जायला हवं होतं. पण तिने पान उलटलं.

पुढचं गणित: y² = x आणि y = x − 2. तिने y = √x केलं, √x = x − 2 चा वर्ग करून x² − 5x + 4 = 0 आणलं, x = 1 आणि 4, आणि 1 ते 4 मध्ये √x − (x − 2) इंटिग्रेट करून 19/6 काढलं. पुस्तक म्हणतंय 9/2. "हे पण चुकीचं छापलंय," ती म्हणाली, पण यावेळी आवाजात जरा कमी आत्मविश्वास होता.

म्हटलं, x = 1 ला दोघं भेटतात म्हणतेस ना, मग तिथे घालून बघ. √1 म्हणजे 1, आणि 1 − 2 म्हणजे −1. कुठे भेटले? दोघांमध्ये चांगलं 2 चं अंतर आहे! भेट झाली ती (1, −1) ला, पॅराबोलाच्या खालच्या फांदीवर, जी तू √x लिहिलंस त्याक्षणी कापून टाकलीस. आडवा पॅराबोला आहे, त्याला वरची फांदी √x आणि खालची −√x. 0 ते 1 मध्ये उभी पट्टी काढलीस तर तिची दोन्ही टोकं पॅराबोलावरच, वर √x खाली −√x, आणि 1 नंतर खालचं टोक रेषेवर सरकतं. म्हणजे इथे कुणी कुणाला ओलांडत नाहीये तरी दोन तुकडे पडतात: पहिला 4/3, दुसरा तुझा 19/6. बेरीज 9/2. तू पहिला तुकडा विसरलीस एवढंच.

"एवढंच" हा शब्द तिला आवडला नाही. "यापेक्षा सोपं काही नाहीये का?"

आहे. पट्ट्या आडव्या काढ. आता मी वही नव्वद अंशात फिरवली, तिने मान फिरवली, मी पुन्हा वही सरळ केली, मग दोघांनीही मान फिरवली, आणि ताई हात पुसत बाहेर येऊन आमच्याकडे बघत उभी राहिली. मुद्दा असा की वही फिरवायची गरजच नाही, फिरवली की उलट डावं-उजवं डोक्यात गडबडतं. फक्त विचारायचं की आडव्या पट्टीचं डावं टोक कशावर आहे आणि उजवं कशावर. y = −1 पासून y = 2 पर्यंत कुठेही पट्टी काढ, डावीकडे कायम पॅराबोला x = y², उजवीकडे कायम रेषा x = y + 2. उजवं वजा डावं:

∫ (y + 2 − y²) dy, −1 ते 2 = 9/2

एकच इंटिग्रल, वर्गमूळ नाही, फांद्या नाहीत. लिमिटही y च्या, हे लक्षात ठेवायचं, नाहीतर पोरं dy लिहून लिमिट 1 आणि 4 च्या टाकतात आणि मग पुन्हा पुस्तक चुकतं. चेक पण लागला: रुंदी 3, मध्यावर y = 1/2 ला अंतर 9/4, गुणाकार 27/4, त्याचे दोन तृतीयांश, 9/2.

आता नवीन हत्यार मिळालं की सगळ्यावर चालवून बघायचं हा त्या वयाचा नियम. "मग ते पहिलं पण y मध्ये करू!" कर की. x = ∛y आणि x = −1 + √(1 + y), y −1 पासून 8 पर्यंत, छेद इथेही y = 0 ला आहेच त्यामुळे तुकडे तेवढेच दोन, वर वर्गमूळ आणि घनमूळ फुकट. तिने दोन ओळी लिहिल्या आणि गुपचूप खोडल्या. दिशा बदलून फायदा तेव्हाच जेव्हा त्या दिशेने टोकं बदलत नाहीत आणि x सहज सुटा होतो. ओलांडणं काही दिशा बदलून टळत नाही.

हे तिला तिसऱ्या गणितात लगेच दिसलंही: दुसऱ्या गणितातलेच पॅराबोला आणि रेषा, पण y = 0 ते y = 3. म्हणजे y = 2 ला छेद, तिथपर्यंत रेषा उजवीकडे, पुढे पॅराबोला उजवीकडे. तिने न सांगता तोडलं, 10/3 आणि 11/6, एकूण 31/6. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. मग तिने चेक लावला. पहिल्या तुकड्याला 8/3 आलं, दुसऱ्याला 7/6. दोन्ही चूक.

"मामा, तुझा चेक बिघडलाय."

बिघडला नाहीये, त्याची अट मी सांगितली नव्हती. दोन तृतीयांश तेव्हाच चालतं जेव्हा तुकड्याच्या दोन्ही टोकांना अंतर शून्य असतं. इथे y = 0 ला अंतर 2 आहे आणि y = 3 ला 4. पूर्ण नियम असा: दोन टोकांची अंतरं अधिक मध्याच्या अंतराची चौपट, गुणिले रुंदी, भागिले 6. सिम्प्सनचा नियम म्हणतात त्याला, आणि अंतर x किंवा y च्या घनापर्यंतचं बहुपदी असेल तर उत्तर अचूक. पहिला तुकडा: 2 + 8 + 0, गुणिले 2, भागिले 6, 10/3. दुसरा: 0 + 7 + 4, भागिले 6, 11/6.

ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. "म्हणजे इंटिग्रेशन न करता हे सगळं येत होतं?"

"तुकडे पाडल्यावर. पहिल्या गणिताला न पाडता लावलंस तर हा नियमही तुला इमानेइतबारे −9/4 च देईल, करून बघ."

तिने करून बघितलं. −9/4 च आलं. ताई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, मायनस पुस."